मित्राला दिलेले उत्तर आणि लेखी उत्तर : व्हिडिओच्या वर्णनाचे व प्रतिक्रियांचे पुनर्लेखन

बोलण्याची मराठी आणि लिहिण्याची मराठी यांत अंतर आहे, ही गोष्ट नवी नाही. शिकलेला माणूस तोंडाने एक वाक्य बोलतो आणि लेखणी हाती येताच तेच वाक्य निराळ्या तऱ्हेने मांडतो. पूर्वी या दोन भाषांचे प्रांत बऱ्याच अंशी वेगळे होते. घरात व बाजारात पहिलीचा अंमल असे, कचेरीत व छापखान्यात दुसरीचा. व्हिडिओखाली लिहिले जाणारे वर्णन आणि प्रेक्षकांच्या प्रतिक्रियांना दिलेली उत्तरे या लेखनप्रकारात मात्र हे प्रांत एकमेकांत मिसळले आहेत. येथे विचारणारा बोलल्यासारखे विचारतो, परंतु उत्तर देणाऱ्याला ते लिहून द्यावे लागते, आणि लिहिताना त्याच्या हाती शाळेने व कचेरीने दिलेली भाषा येते. परिणामी उत्तर ताठर होते. मग कोणी सुचवितो की, मित्राला सांगावे तसे लिही. ही सूचना योग्य असली, तरी ती अमलात कशी आणावी हे वाटते तितके उघड नाही. त्याचाच विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचनासाठी एक नमुना घेणे सोयीचे होईल. हा नमुना अभ्यासापुरता रचलेला आहे. त्यातील स्थळे मात्र खरी आहेत. भोर तालुक्यातील हिर्डोशी हे हिरडस मावळातील गाव. भोरहून महाडकडे जाणारा रस्ता नीरा-देवघर धरणाच्या जलाशयाच्या कडेने या भागात येतो आणि पुढे वरंधा घाटाने कोकणात उतरतो. पावसाळ्यात येथील धुके आणि कड्यांवरून कोसळणारे पाणी पाहण्यास पुष्कळ लोक येतात. याच काळात घाटात दरडी कोसळतात, आणि अतिवृष्टीच्या दिवसांत प्रशासनाने घाट वाहतुकीस बंद केल्याचेही अनेकदा घडले आहे. या परिसरातील एका तरुणाने दुचाकीवरून केलेल्या अशा एका प्रवासाचा वीस मिनिटांचा व्हिडिओ यूट्यूबवर ठेवला आहे, असे समजू. त्याचे प्रेक्षक थोडे आहेत आणि प्रतिक्रियाही मोजक्याच येतात, म्हणून प्रत्येकीला उत्तर देणे त्याला शक्य आहे. व्हिडिओखाली त्याने पुढील वर्णन लिहिले आहे :

“सदर चित्रफितीमध्ये भोर तालुक्यातील निसर्गरम्य हिर्डोशी परिसराचे तसेच वरंधा घाटाचे पावसाळ्यातील विलोभनीय दर्शन घडविण्यात आलेले आहे. सदर प्रवास दुचाकी वाहनाद्वारे करण्यात आला असून रसिकांनी त्याचा अवश्य लाभ घ्यावा. चित्रफीत पसंत पडल्यास आपला अभिप्राय नोंदविण्यात यावा.”

यात व्याकरणाची चूक एकही नाही. तरीही वाचणाऱ्याला येथे कोणी बोलत आहे असे वाटत नाही. याचे पहिले कारण म्हणजे ‘घडविण्यात आलेले आहे’, ‘करण्यात आला’, ‘नोंदविण्यात यावा’ ही क्रियापदे. या रचनेत क्रिया शिल्लक राहते, पण ती करणारा माणूस नाहीसा होतो. सरकारी आदेशात ते इष्टच असते, कारण तेथे आदेश व्यक्तीचा नसून पदाचा असतो. दुचाकीवरून भिजत गेलेल्या तरुणाच्या बाबतीत मात्र, तो स्वतः गेला ही एकच गोष्ट सांगण्याजोगी आहे आणि नेमकी तीच या रचनेत गळून पडते. येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. मराठीतील प्रत्येक कर्मणी रचना कृत्रिम नसते. ‘मी घाट पाहिला’ हा कर्मणी प्रयोगच आहे आणि तो घरोघर बोलला जातो, कारण त्यात पाहणारा ‘मी’ उपस्थित आहे. दोष कर्मणी प्रयोगाचा नसून कर्त्याला वगळणाऱ्या ‘-ण्यात येणे’ या सांगाड्याचा आहे. पुनर्लेखन करणाऱ्याने प्रथम हा सांगाडा शोधावा आणि प्रत्येक ठिकाणी ‘कोणी केले?’ असा प्रश्न विचारावा.

ही सूचना ऐकून निर्मात्याने वर्णन बदलले, तर पहिल्या प्रयत्नात बहुधा पुढीलसारखे काहीतरी निघते :

“नमस्कार मित्रांनो! काय भन्नाट पाऊस, काय ते धुकं, नादच खुळा! हिर्डोशी आणि वरंधा घाट म्हणजे विषयच हार्ड! व्हिडिओ शेवटपर्यंत बघा बरं का, आणि चॅनेल सबस्क्राइब करायला विसरू नका हं!”

शब्द बोलीतले आले, उद्गारचिन्हे आली, ‘बरं का’ आणि ‘हं’ हेही आले. तरीसुद्धा हे बोलणे मित्राशी केलेले नाही. पहिल्या वर्णनाप्रमाणे यातही वाचणाऱ्याला उपयोगी पडेल अशी एकही गोष्ट नाही. केव्हा गेला, कोठपर्यंत गेला, व्हिडिओत काय दिसते आणि काय दिसत नाही, यांतले काहीच कळत नाही. कचेरीच्या भाषेची जागा जाहिरातीच्या भाषेने घेतली, एवढाच बदल झाला. मित्र असे बोलत नाही. तो काय पाहिले ते सांगतो आणि उद्गार काढायचा असेल तर तो ऐकणाऱ्यावर सोडतो.

मित्राच्या बोलण्यात जिव्हाळा कशाने येतो, याचे उत्तर शब्दसंग्रहात शोधून मिळणार नाही. समोरासमोरच्या बोलण्यात तीन गोष्टी न सांगताच उपस्थित असतात. ऐकणारा कोण आहे हे ठाऊक असते. बोलणे केव्हा चालले आहे हे दोघांनाही ठाऊक असते. आणि काही कळले नाही तर उलटून विचारता येते. म्हणूनच मित्राला तुटक वाक्यांत सांगितले तरी पुरते. लेखी उत्तरात या तिन्ही गोष्टी नसतात. वाचणारा अनोळखी असतो, तो हे उत्तर उद्या वाचील की तीन वर्षांनी याचा नेम नसतो, आणि त्याच्या पुढच्या शंकेला उत्तर मिळेलच असे नाही. तेव्हा मित्रासारखे लिहिणे म्हणजे बोलण्यात जे आपोआप लाभते ते लेखात शब्दांनी भरून काढणे होय. बोलण्याच्या लकबींची नक्कल केली आणि ही भर घातली नाही, तर आवाज मित्राचा येतो पण उत्तर मिळत नाही.

जुन्या मराठी पत्रलेखनाला ही अडचण चांगली उमगली होती. पत्राच्या माथ्यावर ठिकाण व मिती असे. त्याखाली मायना येई : वडिलांना ‘तीर्थरूप’, धाकट्याला ‘चिरंजीव’, आणि बरोबरीच्याला ‘सप्रेम नमस्कार विनंती विशेष’. अशा रीतीने कोण, कोणाला, कोठून व केव्हा, या चार गोष्टी मजकुराला प्रारंभ होण्यापूर्वीच निश्चित होत, आणि मग मजकूर मोकळेपणाने लिहिता येई. व्हिडिओखालच्या उत्तराला मायना नाही. उत्तराची वेळ पडद्यावर दिसते खरी, पण ती ‘२ वर्षांपूर्वी’ अशा ढोबळ रूपात. मायन्याने होणारे काम आता वाक्यांनाच करावे लागते.

या दृष्टीने वर्णनाचे तिसरे रूप असे होऊ शकेल :

“जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात भोरहून दुचाकीवर निघालो, धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने हिर्डोशीला आलो आणि पुढे वरंधा घाटाच्या माथ्यापर्यंत गेलो. खाली महाडकडे उतरलो नाही. पाऊस सारखा होता, त्यामुळे मधला बराच रस्ता कॅमेऱ्यात आलेला नाही. घाटातलं धुकं बघायचं असेल तर चौदाव्या मिनिटापासून बघा. या दिवसांत इथे दरडी पडतात आणि रस्ता अचानक बंद होतो. निघायच्या आदल्या दिवशी चौकशी केल्याशिवाय येऊ नका.”

येथे बोलीतला ठसकेबाज शब्द एकही नाही, तरीही माणूस बोलत असल्याचा प्रत्यय येतो. तो ‘निघालो’, ‘आलो’, ‘गेलो’ या क्रियापदांतून येतो आणि ‘खाली उतरलो नाही’ या कबुलीतून त्याहून अधिक येतो. जे केले नाही आणि जे दिसणार नाही ते मित्र आधी सांगून टाकतो. जाहिरात ते झाकते. रचनेतील क्रमही लक्षात घेण्यासारखा आहे. यूट्यूबवर वर्णनाला ५००० अक्षरचिन्हांपर्यंत जागा असते, पण वाचणाऱ्याला आरंभी त्यातील दोनतीन ओळीच दिसतात आणि उरलेला मजकूर त्याने उघडला तरच पुढे येतो. म्हणून ‘केव्हा’ आणि ‘कोठपर्यंत’ यांना पहिल्या वाक्यांत स्थान दिले आहे. व्हिडिओचे भाग पाडून त्यांच्या वेळा द्यावयाच्या असतील, तर त्या वर्णनाच्या शेवटी याव्यात. यादीचा आरंभ `00:00` पासून व्हावा आणि तीत निदान तीन वेळा चढत्या क्रमाने असाव्यात, नाहीतर भाग पडत नाहीत.

‘धुकं’, ‘बघायचं’ ही अनुस्वारयुक्त रूपे वर जाणून वापरली आहेत. मराठी साहित्य महामंडळाच्या ज्या लेखनविषयक नियमांना महाराष्ट्र शासनाने १९६२ साली मान्यता दिली व ज्यांत १९७२ साली भर पडली, त्यांत ‘असे केले’ हे लेखनाचे सर्वसामान्य रूप मानले आहे, आणि बोलण्याची भाषा जशीच्या तशी दाखवावयाची असेल तेथे ‘असं केलं’ हे उच्चारानुसारी रूप लिहिण्यास मुभा आहे. म्हणजे बोलके लिहिणे हे अशुद्ध लिहिणे नव्हे. मात्र एकदा बोलण्याचे रूप स्वीकारले की ते त्या उत्तरात अखेरपर्यंत पाळले पाहिजे. ‘तुम्ही विचारलेलं ठिकाण पुढे आहे, तेथे जाण्यासाठी पायवाटेने चालावे लागते’ या वाक्यात दोन माणसे बोलत आहेत असे वाटते, कारण ‘विचारलेलं’ ओसरीवरचे आहे आणि ‘चालावे’ पाठ्यपुस्तकातले.

आता प्रतिक्रियांच्या उत्तरांकडे वळू. येथे पहिला निर्णय संबोधनाचा. मित्राला आपण ‘तू’ म्हणतो, म्हणून मित्रासारखे लिहावयाचे तर ‘तू’ म्हणावे, असा तर्क कोणी करील. तो फसवा आहे. प्रतिक्रिया देणारा विशीतला आहे की साठीतला, पुरुष आहे की स्त्री, हे नावावरून नेहमी कळत नाही. कित्येक नावे तर टोपणनावेच असतात. ‘तू’ म्हटले की मराठी क्रियापद ताबडतोब लिंग विचारते : ‘तू आलास’ की ‘तू आलीस’? ‘तुम्ही आलात’, ‘तुम्ही येता’, ‘तुम्ही या’ यांत तो प्रश्नच उद्भवत नाही. ‘दादा’, ‘ताई’, ‘काका’ ही नातेवाचक संबोधने मावळात सहज वापरली जातात आणि त्यांत जिव्हाळाही आहे, पण समोरच्याने स्वतःविषयी काही सांगितले असेल तेव्हाच ती सुरक्षित. राहिले ‘आपण’. आदरार्थी ‘आपण’ वापरताच कचेरीचे दार पुन्हा उघडते. शिवाय ‘आपण घाटात जावे’ यात ‘आपण’ म्हणजे समोरचा की दोघे मिळून, असा घोटाळा होतो. तेव्हा अनोळखी मित्राचे मराठी सर्वनाम ‘तुम्ही’ हेच आहे. त्यात आदर आहे आणि अंतर नाही.

दुसरा मुद्दा अव्ययांचा. ‘ना’, ‘की’, ‘हं’, ‘बरं का’ हे शब्द वाक्याला बोलकेपणा देतात, असे म्हणून ते शिंपडण्याची प्रवृत्ती दिसते. पण त्यांपैकी प्रत्येक शब्द बोलणारा व ऐकणारा यांच्यातील विशिष्ट नाते गृहीत धरतो. ‘धरण दिसतं ना’ असे म्हणणारा, ऐकणाऱ्याने धरण पाहिले आहे असे मानतो. ‘सांगितलं की’ यात ‘हे तुला ठाऊक असायला हवे होते’ असा सूक्ष्म ठपका असतो. व्हिडिओत सांगितलेले कोणी पुन्हा विचारले असता ‘व्हिडिओत सांगितलंय की’ असे उत्तर दिले तर तो ठपकाच पोहोचतो, जिव्हाळा पोहोचत नाही. समोरासमोर चेहऱ्यावरचे हसू तो ठपका पुसून टाकते. लेखात हसू नसते. ‘हं’ मात्र सावध करताना उपयोगी आहे : ‘शेवाळ आहे हं’ यात काळजी आहे. तेव्हा अव्यय वापरण्यापूर्वी ते जे नाते गृहीत धरते ते खरोखर आहे काय, हे पाहावे.

आता एक प्रतिक्रिया घेऊन तिचे उत्तर टप्प्याटप्प्याने पाहू. एकाने विचारले आहे : “रविवारी मुलांना घेऊन गाडीने यायचा विचार आहे. रस्ता चालू आहे का?” निर्मात्याचे मूळ उत्तर असे :

“आपल्या प्रतिक्रियेबद्दल धन्यवाद. रस्त्याच्या सद्यःस्थितीबाबत संबंधित विभागाकडे चौकशी करण्यात यावी.”

हे उत्तर चुकीचे नाही, पण ते विचारणाऱ्याला परत पाठविते. दुसऱ्या टोकाचे उत्तर असे असेल : “हो हो, बिनधास्त या! एकदम मस्त रस्ता आहे!” यात आपुलकी भरपूर आहे आणि धोकाही तितकाच आहे. ज्या दिवशी लिहिले त्या दिवशी ते खरे असेल. परंतु हे उत्तर त्या एकट्यासाठी उरत नाही. ते प्रश्नाखाली तसेच राहते, आणि पुढच्या वर्षी आषाढात असाच प्रश्न मनात घेऊन आलेला दुसरा कोणी ते वाचतो. मित्राने ओसरीवर उच्चारलेले ‘बिनधास्त या’ त्या संध्याकाळीच विरून जाते. लिहिलेले ‘बिनधास्त या’ दरड कोसळल्यानंतरही निमंत्रण देत राहते. भाषा जितकी आपुलकीची तितका तिच्यावर विश्वास अधिक बसतो. म्हणून मित्रासारख्या उत्तरात मजकुराची जबाबदारी वाढते.

पुनर्लेखनात प्रथम विचारलेल्याला उत्तर द्यावे, मग ते केव्हाचे आहे हे सांगावे, मग स्वतःला काय ठाऊक नाही ते सांगावे, आणि शेवटी विचारणाऱ्याच्या परिस्थितीतील विशेष गोष्टीला, म्हणजे येथे मुलांना, स्पर्श करावा :

“आज, १२ जुलैला सकाळी, हिर्डोशीपर्यंत रस्ता चालू होता, गाडी नीट येते. पुढे घाटात मी गेलेलो नाही, त्यामुळे तिथलं सांगता येणार नाही. रविवारपर्यंत पाऊस कसा पडतो त्यावर सगळं आहे, म्हणून शनिवारी भोरला कोणाला तरी विचारा किंवा घाट बंद असल्याचा प्रशासनाचा आदेश आहे का ते बघा. मुलं बरोबर आहेत तर घाटात न जाता धरणाच्या बाजूनेच फिरून परत गेलात तरी दिवस चांगला जाईल. पाण्यात मात्र उतरू देऊ नका.”

हे उत्तर लांबले आहे, आणि ते लांबणे आवश्यक होते. बोलताना विचारणाऱ्याने मध्येच ‘आणि घाटात?’ असे विचारले असते. येथे तो प्रश्न उत्तर देणाऱ्याने स्वतःच मनात उभा केला आहे. तारीख मजकुरात घातल्यामुळे दोन वर्षांनी वाचणाऱ्यालाही ते फसवीत नाही. ‘धन्यवाद’ गळाले आहे, कारण प्रश्न विचारल्याबद्दल मित्र आभार मानीत नाही. तो उत्तर देतो.

दुसरी प्रतिक्रिया चूक दाखविणारी आहे : “शिवथरघळ भोर तालुक्यात नाही. आधी अभ्यास करा.” व्हिडिओत निर्मात्याने घळ भोर तालुक्यात असल्याचे म्हटले आहे, असे धरू. वस्तुतः ती घाटाच्या पायथ्याकडे रायगड जिल्ह्यातील महाड तालुक्यात आहे. “आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे” या उत्तरातून चूक मान्य झाली की नाही हेच कळत नाही. “अहो, चूक होते कधी कधी, एवढं काय त्यात!” यात मैत्रीचा सूर लावून चूक टाळली आहे. योग्य उत्तर साधे आहे : “बरोबर आहे तुमचं. घळ महाड तालुक्यात येते. व्हिडिओत मी चुकीचं बोललो. वर्णनात पहिल्याच ओळीत दुरुस्ती टाकली आहे.” ‘आधी अभ्यास करा’ या टोमण्याला उत्तर दिलेले नाही. विधान खरे की खोटे हा एक प्रश्न, आणि ते कोणत्या सुरात सांगितले हा दुसरा. उत्तर पहिल्याचे द्यावयाचे असते.

तिसऱ्या प्रकारच्या प्रतिक्रिया केवळ कौतुकाच्या. ‘छान व्हिडिओ’ याला प्रत्येक वेळी पाच ओळींचे उत्तर दिले तर ते अवघडल्यासारखे होते. मित्रही ‘छान’ ऐकून हसतो आणि पुढे जातो. यूट्यूबवर निर्मात्याला प्रतिक्रियेला हृदयाचे चिन्ह देता येते. अशा ठिकाणी ते चिन्ह पुरेसे आहे. सर्वांना सारखेच ‘धन्यवाद’ चिकटविण्यापेक्षा ते बरे, कारण एकामागून एक तीच ओळ दिसली की वाचणाऱ्याला शिक्क्याचा आवाज ऐकू येतो.

बोलीचा प्रश्न उरतो. मावळात ‘न्हाई’, ‘हाय’, ‘व्हय’ ही रूपे जिवंत आहेत. निर्माता स्वतः तसे बोलत असेल आणि व्हिडिओतही तसेच बोलला असेल, तर उत्तरात ती रूपे आली म्हणून काहीच बिघडत नाही. उलट आवाज व लेखन यांची संगती राहते. परंतु पुण्यामुंबईत वाढलेल्याने गावाचा रंग यावा म्हणून ती उसनी घेतली, तर ती तमाशातल्या सोंगासारखी दिसतात आणि गावच्या माणसाला ते सर्वांआधी कळते. गावांची, घाटाची व धरणाची नावे मात्र प्रत्येकाने प्रचलित लेखनानुसारच लिहावीत, कारण त्याच नावांनी लोक शोध घेतात.

पुनर्लेखन साधले की नाही, हे तपासण्याचे दोन उपाय आहेत. एक अदलाबदलीचा. लिहिलेले उत्तर उचलून दुसऱ्या एखाद्या प्रश्नाखाली ठेवून पाहावे. तेथेही ते चपखल बसले, तर पहिल्या प्रश्नाला ते उत्तर नव्हतेच. ‘संबंधित विभागाकडे चौकशी करण्यात यावी’ कोठेही बसते, ‘एकदम मस्त!’ हेही कोठेही बसते; ‘मुलं बरोबर आहेत तर’ हे फक्त एकाच प्रश्नाखाली बसते. दुसरा उपाय काळाचा. तेच उत्तर दोन पावसाळ्यांनंतर, लिहिणाऱ्याला न ओळखणाऱ्या माणसाने वाचले तर तो कोठे जाईल, याची कल्पना करावी. पहिल्या कसोटीत उत्तर मित्राचे आहे की नाही ते कळते, आणि दुसरीत त्या मित्रावर विसंबावे की नाही ते. वरंधा घाटासारख्या रस्त्याविषयी लिहिताना दुसरी कसोटी आधी लावावी.